ट्रेनी, अप्रेंटिस, इंटर्न की फेलो: सही करायच्या आधी कागद कुठला ते बघ

प्रश्न: नमस्कार काका, मी खानापूर तालुक्यातला, यंदा मेकॅनिकल डिप्लोमा झाला. बेळगावच्या उद्यमबागेतलं एक 40 जणांचं मशीन शॉप ट्रेनी म्हणून 12,000 स्टायपेंड देतो म्हणतंय, दोन वर्षांचा बाँड आणि ओरिजिनल मार्क्स कार्ड मागतायत. दुसऱ्या एका कंपनीत अप्रेंटिसशिप आहे, 11,000. मित्र म्हणतोय पीएम इंटर्नशिपला अर्ज टाक, आणि एक संस्था फेलो म्हणून खेड्यात काम देतेय. नेमका फरक काय यात? पगार, काम आणि उद्या काही झालं तर कायदा कुणाच्या बाजूला?

उत्तर:

नमस्कार. मी इकडं उद्यमबाग, मच्छे, होनगा भागातल्या छोट्या कारखान्यांची पीएफ, ईएसआय आणि लेबर ऑफिसची कामं बघतो, त्यामुळं असली लेटरं रोज हातात येतात, आणि तुझं लेटर न बघताच एक सांगतो, वरती मोठ्या अक्षरात काय लिहिलंय याला फारसा अर्थ नसतो. ट्रेनी लिहा, इंटर्न लिहा, ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी लिहा, कायदा विचारतो एकच गोष्ट, की हा पोरगा 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली नोंदवलेल्या करारावर आलाय की नाही. आला असेल तर तो अप्रेंटिस, त्याचे नियम वेगळे. नसेल आणि मशीनवर उभा राहून माल काढत असेल, तर त्याला तुम्ही काहीही नाव द्या, बहुतेक वेळा तो कामगारच निघतो. बाकी सगळं यातनंच येतं.

आधी अप्रेंटिसचं सांगतो, कारण त्याचंच चित्र सगळ्यात स्पष्ट आहे. हा करार तू आणि कंपनी करता आणि कंपनीनं तो सात दिवसांत सरकारी पोर्टलवर चढवायचा असतो. आयटीआयवाल्यांसाठी apprenticeshipindia.gov.in आणि तुझ्यासारख्या डिप्लोमा-डिग्रीवाल्यांसाठी nats.education.gov.in, त्यालाच नॅट्स म्हणतात. नोंदणी तू स्वतः करायची, आधार लिंक असलेलं बँक खातं द्यायचं, तुला एक एन्रोलमेंट नंबर मिळतो, आणि करार तुझ्या लॉगिनमधे दिसला पाहिजे. कंपनीच्या एचआरनं छापून दिलेला 'अप्रेंटिस' लिहिलेला कागद म्हणजे अप्रेंटिसशिप नव्हे. इथं पोरं फसतात, लेटरवर अप्रेंटिस, पोर्टलवर काहीच नाही, आणि वर्ष संपल्यावर सर्टिफिकेट मागायला गेलं की एचआरवाला दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

पैशाचं बघ. 2019 च्या नियमात डिप्लोमावाल्याला पहिल्या वर्षी किमान 8,000, डिग्रीवाल्याला 9,000, आयटीआयला 7,000 असे आकडे आहेत, दुसऱ्या वर्षी 10 टक्के वाढ. मे 2025 मधे केंद्रीय अप्रेंटिसशिप कौन्सिलनं हे सगळे आकडे 36 टक्क्यांनी वाढवायची शिफारस केली, 5,000 ते 9,000 चे 6,800 ते 12,300, त्यामुळं तू सही करशील त्या दिवशी पोर्टलवर जो किमान आकडा दाखवतील तो धर आणि 11,000 त्याच्या वर आहेत ना ते बघून घे. कंपनी त्यापेक्षा जास्त देऊ शकते, कमी नाही. शिवाय स्टायपेंड पीस रेटवर देता येत नाही, म्हणजे इतके नग काढलास तर इतके पैसे हे अप्रेंटिसच्या बाबतीत चालत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय.

तुझ्या 11,000 मधला एक भाग सरकार देतं. डिप्लोमा-डिग्रीच्या योजनेत किमान स्टायपेंडच्या निम्मा वाटा सरकारचा, 8,000 धरले तर 4,000. तो थेट तुझ्या खात्यात येतो, कंपनीचा वेगळा येतो. पहिल्या महिन्यात कंपनीचे 7,000 च जमा झाले की घरातले म्हणतात फसवलं बघ, पण सरकारी हप्ता मागनं येतो, कधी कधी बराच उशिरा. करारात एकूण आकडा किती लिहिलाय आणि त्यातला कंपनीचा वाटा किती, हे आधीच विचारून ठेव म्हणजे नंतर वाद नको.

आता कायदा. अप्रेंटिस कायद्याचं कलम 18 सरळ सांगतं की अप्रेंटिस हा शिकणारा आहे, कामगार नाही, कामगार कायदे त्याला लागू नाहीत. म्हणून किमान वेतन नाही, पीएफ नाही, ईएसआय नाही, बोनस नाही, आणि वर्ष संपलं की घरी जा म्हटलं तर कोर्टात जाऊन मला कायम करा असं म्हणता येत नाही. नोकरी द्यायची सक्ती कंपनीवर नाही, अप्रेंटिस घेण्याबाबतचं स्वतःचं धोरण तेवढं तिनं ठरवायचं असतं. हे ऐकून पोरं दचकतात. पण बदल्यात काही गोष्टी आहेत त्या लोक सांगत नाहीत. सुरक्षितता आणि आरोग्याचे कारखान्याचे नियम तुला कामगारासारखेच लागू. अपघात झाला तर कलम 16 प्रमाणं नुकसानभरपाई द्यायची जबाबदारी मालकाची, ती कामगार भरपाईच्याच कायद्यानं मोजतात. सुट्ट्या कंपनीत ज्या असतील त्या तुलाही. आणि ओव्हरटाइम, हे लक्षात ठेव, अप्रेंटिसला ओव्हरटाइम लावायचा तर सरकारच्या अप्रेंटिसशिप ॲडव्हायझरची परवानगी लागते, आणि ती शिकण्याच्या हिताची किंवा सार्वजनिक हिताची वाटली तरच मिळते. म्हणजे दिवाळीच्या आधी डिस्पॅच अडकलंय म्हणून बारा तास उभं केलं तर तो अप्रेंटिसशिपच्या बाहेरचा प्रकार झाला.

वर्ष संपल्यावर जो कागद मिळतो तो खरा माल आहे. तुमच्या योजनेत बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगचं प्रोफिशियन्सी सर्टिफिकेट मिळतं, आयटीआयवाल्यांना परीक्षा देऊन नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट. रेल्वेच्या लेव्हल 1 भरतीत रेल्वेतच अप्रेंटिस कोर्स पूर्ण केलेल्यांना 20 टक्के जागा राखीव असतात, म्हणून आपल्याकडची आयटीआयची पोरं हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपची जाहिरात कधी येतेय याची वाट बघत बसतात. खासगी कंपनीच्या ट्रेनी लेटरला तिथं काही किंमत नाही.

आता मूळ मुद्द्यावर ये, ट्रेनी. कायद्यात ट्रेनी नावाचा वेगळा पक्का प्रकार नाही असं धरून चाल. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नवे लेबर कोड लागू झाले, त्यात कामगाराच्या व्याख्येतनं शिकणाऱ्यांपैकी नाव घेऊन वगळलंय ते फक्त 1961 च्या कायद्याखालच्या अप्रेंटिसला. ट्रेनी हा शब्द तिथं सूट म्हणून नाहीच. वेतनाच्या कोडमधे तसंच, सोशल सिक्युरिटीच्या कोडमधे तसंच.

जुन्या कायद्यात एक पळवाट होती आणि मालकांचे सल्लागार अजून तीच सांगतात. पीएफ कायद्यात स्टँडिंग ऑर्डरखाली, म्हणजे कारखान्याच्या नोकरीच्या अटींच्या लेखी नियमांखाली, घेतलेल्या अप्रेंटिसलाही सूट होती. 2006 मधे सुप्रीम कोर्टात आपल्याच राज्यातल्या मंगळूरच्या सुपारी-कोको सहकारी संस्थेचं, म्हणजे कॅम्पकोचं प्रकरण गेलं होतं, तिथं स्टँडिंग ऑर्डरखाली स्टायपेंडवर घेतलेल्या ट्रेनींना पीएफ लागू नाही असा निकाल झाला. पण ते लागू व्हायला स्टँडिंग ऑर्डर तरी असायला पाहिजेत की. कर्नाटकात त्या 50 कामगारांच्या वरच्या कारखान्याला लागायच्या, नव्या कोडमधे तो आकडा 300 झालाय. तुझं शॉप 40 जणांचं. त्यांच्याकडं स्टँडिंग ऑर्डर असायचं कारणच नाही, म्हणजे तो निकाल दाखवून तुझा पीएफ चुकवता येत नाही. पीएफ 20 जणांपासून आणि ईएसआय 10 जणांपासून लागू, दोन्हीच्या आत ते येतात.

मग कंपन्या ट्रेनी का घेतात, अप्रेंटिस स्वस्त पडत असताना? हा प्रश्न मी मालकांनाच विचारतो. तुझेच आकडे घेऊन बघू. 11,000 चा अप्रेंटिस, सरकारी वाटा 4,000 गेला की कंपनीला पडला 7,000 ला. 12,000 चा ट्रेनी नियमानं ठेवला तर पीएफचे तिच्या वाट्याचे 12 टक्के म्हणजे 1,440, ईएसआयचे सव्वातीन टक्के म्हणजे 390, एकूण 13,830 आणि वर थोडा ॲडमिन खर्च. जवळपास दुप्पट. तरी ट्रेनीच पाहिजे, कारण अप्रेंटिसची संख्या एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्क्यांत बसवावी लागते, 40 च्या शॉपमधे फार तर सहा. शिवाय ओव्हरटाइमला बंधन, वरनं पोर्टलची कटकट. सहाच्या वर पोरं पाहिजे असली, तीही तिन्ही शिफ्टला मशीन चालवायला, की लेटरवर ट्रेनी लिहायचं आणि पीएफ-ईएसआय दोन्ही कापायचं नाही, मग तो 12,000 लाच पडतो आणि पोरगंही खूश की पूर्ण पगार हातात येतोय. हिशेब असा आहे. सगळ्याच कंपन्या असं करतात असं नाही, उद्यमबागेत नियमानं ट्रेनी ठेवून पहिल्या दिवसापासून यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, काढून देणारे मालकही आहेत आणि त्यांच्याकडं पोरं टिकतात.

तुझ्या हातात काय येईल ते पण बघ. नियमानं कापलं तर 12,000 मधनं पीएफचे 1,440 आणि ईएसआयचे 90 वजा, हातात 10,470. अप्रेंटिसमधे काही कापत नाहीत, 11,000 चे 11,000. म्हणजे महिन्याच्या रोखीत अप्रेंटिसच थोडा वर निघतो, पण ट्रेनीत दरमहा 2,880 तुझ्या पीएफ-पेन्शनच्या नावावर साठतात आणि घरच्यांसकट ईएसआयचं औषधपाणी, बेळगावात त्यांचं हॉस्पिटलच आहे. म्हणून 12 मोठे की 11 मोठे एवढ्यावर ठरवू नकोस.

आणि ट्रेनीला किमान वेतन लागू होतं हे विसरू नको. कर्नाटकात ते उद्योगाप्रमाणं, झोनप्रमाणं आणि कुशल-अर्धकुशल अशा वर्गाप्रमाणं ठरतं, वर एप्रिलपासून महागाई भत्ता बदलतो. सीएनसी किंवा व्हीएमसीवर स्वतः ऑफसेट घालून जॉब काढणारा पोरगा अकुशल नाही. लेबर खात्याच्या दरपत्रकात इंजिनिअरिंग उद्योगाचा त्या वर्गाचा आकडा काढ आणि 12,000 शेजारी ठेव, स्टायपेंड बऱ्याच वेळा त्याच्या खाली निघतो. तसं असेल तर फरक मागायचा हक्क आहे. ओव्हरटाइमचं तसंच, ट्रेनी कामगार ठरला की दुप्पट दरानं.

आता खरा कामगार की खरा शिकणारा हे ठरवतात कसं, ते एका प्रसंगातनं सांगतो. एका फॅब्रिकेशन युनिटमधे, नाव नको, टर्नर झालेला एक पोरगा ट्रेनी म्हणून होता. अकरा महिन्यांचं लेटर, मग आठवडाभर घरी बसवायचं, मग परत नवीन अकरा महिन्यांचं लेटर. पॉवर प्रेसवर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मालक माणूस म्हणून वाईट नव्हता, लगेच खासगी दवाखान्यात घातलं, पहिलं बिल भरलं. पण नंतर पुढचं ऑपरेशन आलं तेव्हा सूर बदलला, तो ट्रेनी आहे, आमचा कामगार नाही, ईएसआयला नाव नाही. घरचे माझ्याकडं आले तेव्हा त्यांच्याकडं लेटरची झेरॉक्स पण नव्हती, कागदं सगळी ऑफिसात.

पण पोराच्या मोबाइलमधे सगळं होतं. शिफ्टचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात सुपरवायझरचे मेसेज की आज रात्री 200 पीस झालेच पाहिजेत, उद्या सेकंड शिफ्टला तू ये, अमका सुट्टीवर आहे त्याच्या प्रेसवर उभा राहा. बँकेच्या पासबुकात दर महिन्याला कंपनीच्या नावानं जमा. प्रॉडक्शन शीटचे दोन फोटो, ऑपरेटरच्या रकान्यात त्याचं नाव. आणि शिकवल्याचा एकही पुरावा नाही, ना ट्रेनिंग प्लॅन, ना कुठली परीक्षा, ना कोण शिकवणार याचं नाव. एवढ्यावरच विषय मिटला. ईएसआयच्या कायद्यात अशी तरतूद आहे की मालकानं वर्गणी भरली नसली तरी कॉर्पोरेशन कामगाराला लाभ देऊन मालकाकडनं ते वसूल करू शकतं. इन्स्पेक्शनची गोष्ट निघाल्यावर मालकानं नेमणुकीच्या तारखेपासूनची वर्गणी व्याजासकट भरली, पोराला उपचार मिळाले, कामावर येऊ शकत नव्हता तेवढ्या काळाचे पगाराच्या 90 टक्क्यांच्या हिशेबानं पैसे मिळाले, आणि मग मेडिकल बोर्डापुढं जाऊन कायमच्या अपंगत्वाचा लाभ. कामावरच्या अपघाताला ईएसआयमधे अमुक महिने वर्गणी भरलेलीच पाहिजे अशी अट नसते, पहिल्या आठवड्यात झाला तरी चालतो.

म्हणून शिकणारा की राबणारा हे ओळखायचं असेल तर स्वतःलाच विचार, तू उद्या आला नाहीस तर त्यांचं प्रॉडक्शन अडतं का? तुझ्या जागी दुसरा माणूस लावावा लागतो का? लागत असेल तर तुझं लेटर काहीही म्हणू दे.

त्यामुळं लेटर घे. नव्या कोडप्रमाणं प्रत्येक कर्मचाऱ्याला अपॉइंटमेंट लेटर द्यायचंच आहे. आपल्या भागात आणखी एक होतं, बाँड किंवा करार कन्नडमधे छापलेला असतो आणि मराठी शाळेत शिकलेलं पोरगं न वाचता सही करतं, विचारायला लाजतं. इंग्लिश प्रत माग, नाही दिली तर फोटो काढून कन्नड वाचता येणाऱ्या कुणाकडनं तरी वाचून घे, दोस्त असतोच की एखादा. मी असे कागद बघितलेत जिथं तोंडी सांगितलं एक वर्ष आणि कागदावर होतं तीन.

बाँडबद्दल. ट्रेनिंगचा बाँड मुळातच बेकायदा असतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नको. मे 2025 मधेच सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख ही अट मान्य केली. पण ती सरकारी बँक, अधिकाऱ्याची नोकरी, नेमणूक वाजवी पगारावर. छोट्या शॉपनं ट्रेनीकडनं लिहून घेतलेल्या बाँडला कॉन्ट्रॅक्ट कायद्याचं कलम 74 लागतं, म्हणजे कागदावर एक लाख लिहिलं तरी कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं, आणि तुझ्यावर खरंच ट्रेनिंगचा खर्च काय केला हा प्रश्न कंपनीला तिथं येतोच. तुला मशीनवर उभं करून माल काढून घेतला असेल तर खर्च कसला दाखवणार. आणि बाँड असला तरी तुला सोडून जाण्यापासून कुणी थांबवू शकत नाही, वाद झाला तर पैशाचा होईल.

ओरिजिनल मार्क्स कार्ड मात्र द्यायचं नाही, म्हणजे नाहीच. बघायला न्या, तपासून घ्या, झेरॉक्सवर सही करून देतो, एवढं. एकदा कपाटात गेलं की ते सोडवायला महिने जातात, आणि मधेच केपीटीसीएलची किंवा रेल्वेची भरती आली की कागद तपासायला घेऊन जायला हातात काही नाही. एसएसएलसीपासून डिप्लोमापर्यंतची सगळी कार्डं ठेवून घेणारी कंपनी मी बघितलीय, तिथं माणसं टिकत नाहीत म्हणूनच ती ठेवून घेते.

इंटर्नशिपचं थोडक्यात. इंटर्नशिपचा स्वतंत्र असा कायदा नाही. कॉलेजचा भाग म्हणून सेमिस्टरमधे जी असते ती तुमच्या अभ्यासक्रमाची, पैसे दिले तर दिले, नाही दिले तरी कंपनीनं कायदा मोडला असं होत नाही, तिथं अपघाताचा विमा कुणाचा आहे हे कॉलेजला विचारायचं असतं आणि बहुतेक कुणी विचारत नाही. पण तुझा कोर्स संपलाय. पास झालेल्या पोराला कंपनी इंटर्न म्हणून आठ तास शिफ्टला लावत असेल तर ती वरची ट्रेनीचीच गोष्ट, फक्त शब्द नवा. पीएम इंटर्नशिप वेगळी, ती सरकारची योजना, ऑक्टोबर 2024 मधे पायलट म्हणून सुरू झाली, मोठ्या 500 कंपन्यांत 12 महिने, महिन्याला 5,000, त्यातले 4,500 सरकारचे आणि 500 कंपनीचे, वर एकदाच 6,000, आणि सरकारी विमा. पायलटच्या नियमात वय 21 ते 24 होतं, तू एसएसएलसीनंतर लगेच डिप्लोमाला गेला असशील तर वयातच बसणार नाहीस, शिवाय घरात कुणी कायम सरकारी नोकर असेल किंवा घरचं उत्पन्न आठ लाखांच्या वर असेल तरी नाही. खानापूरच्या पोरानं लांबच्या शहरात राहून 5,000 त भागवायचं म्हणजे घरनं पैसे मागवायचे. मोठ्या नावाची कंपनी सीव्हीवर येते एवढाच त्याचा फायदा, हातात कौशल्य अप्रेंटिसशिपइतकं येईल असं मला वाटत नाही.

फेलोशिप तुझ्यासारख्याला सगळ्यात फसवी, कारण नाव भारी वाटतं. खरी फेलोशिप म्हणजे संशोधन किंवा ठरलेला प्रोजेक्ट करायला दिलेलं अनुदान, उदाहरणार्थ नेट-जेआरएफवाल्याला यूजीसी पहिली दोन वर्षं महिना 37,000 देते, पण ती पगार नव्हे, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, जे काही हक्क ते अवॉर्ड लेटर आणि योजनेच्या नियमावर. संस्थांच्या फेलोशिपा वेगळ्या. काही चांगल्या असतात, स्वतःचा विषय, मार्गदर्शक, शेवटी अहवाल. काहींत फेलो म्हणजे दुचाकीवरनं रोज पाच गावं फिरून फॉर्म भरणारा माणूस, सकाळी लोकेशन पाठवायचं, महिन्याचं टार्गेट, पेट्रोल स्वतःचं. तो फेलो नाही, तो कर्मचारी आहे, मग त्याला तेच वरचे प्रश्न विचार. अपघात विमा आहे का हे पहिलं विचार, चोर्ला घाटाच्या बाजूला पावसाळ्यात दुचाकीवर फिरायचं असेल तर तेच महत्त्वाचं.

एक संरक्षण मात्र चारही प्रकारांत मुलींना सारखं आहे. लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा, त्यात कर्मचारी म्हणजे ट्रेनी, अप्रेंटिस, प्रोबेशनर, पैसे मिळोत न मिळोत, कुठल्याही नावानं असलेला माणूस. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती पाहिजे, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तक्रार करता येते. तुझ्याबरोबर शिकलेल्या मुलींना हे सांग, मी तर इंटर्न आहे माझी तक्रार कोण घेणार असं समजून कितीतरी जणी गप्प बसतात.

आता तुझं. मी असतो तर 11,000 ची अप्रेंटिसशिप घेतली असती, करार खरंच पोर्टलवर येत असेल तर. कारण एकच, क्रम. तुमच्या योजनेत एक वर्ष किंवा जास्त कामाचा अनुभव असलेल्याला अप्रेंटिसशिप करता येत नाही. आधी अप्रेंटिस मग नोकरी हे जमतं. आधी दोन वर्षं ट्रेनी आणि मग अप्रेंटिस, हा दरवाजा बंद. पीएम इंटर्नशिपच्या नियमात उलटं आहे, अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्याला ती मिळत नाही, पण त्याचं मला फार वाईट वाटत नाही. ट्रेनीवाली कंपनी जर पहिल्या दिवसापासून यूएएन आणि ईएसआय नंबर देते, बाँड रद्द करते आणि किमान वेतनाच्या आकड्याला पोचते, आणि तुला घरनं रोज जाऊन-येऊन करायचंच असेल, तर ती वाईट नाही, पण सध्याच्या अटीवर नाही.

अप्रेंटिसशिपची कंपनी कुठं आहे ते तू लिहिलं नाहीस. आपल्याकडची बरीच पोरं कागल आणि गोकुळ शिरगावला जातात, निपाणीकडनं तर रोजची गाडी असते. तिकडं स्टायपेंडचे किमान आकडे तेच, कायदा केंद्राचा, पण तक्रार करायची झाली तर ऑफिस बदलतं, कर्नाटकातल्या कंपनीसाठी चेन्नईचं दक्षिण विभागाचं बोर्ड आणि महाराष्ट्रातल्यासाठी मुंबईचं पश्चिम विभागाचं. ट्रेनी म्हणून गेलास तर किमान वेतन महाराष्ट्राचं धरायचं, आधार कार्डावर पत्ता खानापूरचा असला तरी. यूएएन मात्र सगळीकडं तोच.

उद्या कंपनीत जाशील तेव्हा एचआरला दोनच गोष्टी विचार. नॅट्सवर तुमचा एस्टॅब्लिशमेंट रजिस्ट्रेशन नंबर काय आणि माझा करार कधी चढवणार. जो खरंच करणार असतो तो नंबर लगेच सांगतो, त्याच्या टेबलवरच असतो. अजून बघतो, पुढच्या महिन्यात करू, आधी जॉइन तर हो, असं उत्तर आलं की जॉइन व्हायचं नाही. झालासच तर लॉगिन रोज बघ, पंधरा दिवसांत करार दिसला नाही तर बोर्डाला ईमेल टाक आणि त्याची प्रत कंपनीला. आणि पहिल्या दिवसापासून हजेरीचा, शिफ्टचा, बँकेत आलेल्या पैशाचा फोटो काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवत जा, मोबाइल हरवतात.